दहा हजार नोंदींतली एक

2019 च्या सप्टेंबरात, लिनक्स कर्नेलची 5.3 ही आवृत्ती प्रसिद्धीच्या अगदी उंबरठ्यावर आलेली असताना, तिची उमेदवार प्रत आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहणाऱ्या एका विकसकाला असे आढळले की, यंत्र नेहमीप्रमाणे सुरू होते, कर्नेल लोड होतो, आणि लॉगिनचा पडदा यावयाच्या ऐन वेळी सारा कारभार ठप्प होऊन राहतो. 5.2 ही आवृत्ती त्याच लॅपटॉपवर बिनतक्रार चालत होती. कालपर्यंत नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडावी, या प्रकाराला संगणकाच्या व्यवसायात रिग्रेशन म्हणतात, आणि त्याची चौकशी इतर दोषांच्या चौकशीहून एका बाबतीत फार सुकर असते: दोष कोठे आहे हे ठाऊक नसले तरी तो कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान शिरला, हे निश्चित ठाऊक असते.

तथापि त्या दोन तारखांच्या दरम्यान दहा हजारांहून अधिक बदल कर्नेलच्या दप्तरी दाखल झालेले होते. गिट ही प्रणाली असा प्रत्येक बदल, तो कोणी केला, केव्हा केला आणि कोणत्या पूर्वस्थितीवर केला या तपशिलासह, 'कमिट' नावाच्या स्वतंत्र नोंदीत जतन करते, आणि यांपैकी कोणत्याही नोंदीपाशी थांबून त्या क्षणीचा कर्नेल जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. ही सोय नसती तर पुढचे सारे अशक्यच झाले असते. नोंदी एकेक करून तपासावयाच्या म्हटल्या तर वर्ष पुरणार नाही; पण मधली नोंद काढून तिच्यावर यंत्र चालते की अडते एवढेच पाहिले, तर उत्तर काहीही येवो, निम्म्या नोंदी संशयातून मुक्त होतात. हा निम्म्यावर निम्मे करण्याचा हिशेब दोनच्या चौदाव्या घातापर्यंत, म्हणजे 16,384 नोंदींपर्यंत, चौदा चाचण्यांत आटोपतो. युक्ती जुनी आहे. कर्नेलच्या निरनिराळ्या आवृत्त्या हाताने निवडून अशीच अर्धी-अर्धी छाननी करावी, असे लॅरी मॅकव्हॉय यांनी 1996 मध्येच कर्नेलच्या दोषशोधनाच्या टिपणात लिहून ठेवले होते. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 2005 साली गिट निर्माण केल्यावर त्याच वर्षी ही युक्ती `git bisect` या आज्ञेच्या रूपाने त्यात आली, आणि आवृत्त्यांऐवजी थेट नोंदी तपासता येऊ लागल्या.

आमच्या उदाहरणात चौकशीचा आरंभ असा होईल:

```
git bisect start
git bisect bad v5.3-rc1
git bisect good v5.2
```

यानंतर गिट मधली एक नोंद निवडून तिच्यावेळचा सारा मजकूर आपल्यासमोर मांडते, अजून किती नोंदी आणि अदमासे किती चाचण्या शिल्लक आहेत हे सांगते, आणि स्वस्थ बसते. कर्नेल बांधणे, तो यंत्रावर चढवणे, यंत्र पुन्हा सुरू करणे आणि पडदा येतो की नाही ते पाहून `git bisect good` किंवा `git bisect bad` असा निर्णय कळवणे, हे सर्व काम माणसाचे. साध्या लॅपटॉपवर कर्नेल बांधावयास अर्धा-पाऊण तास सहज मोडतो, म्हणून चौदा चाचण्या म्हणजे एक सबंध दिवस गेला असे समजावे.

लॉगिनच्या पडद्याच्या या प्रकरणात चौकशीअंती ज्या नोंदीवर बोट ठेवले गेले, ती पाहून कोणीही चक्रावावे. ती ext4 या फाइल-व्यवस्थेतील होती, आणि तिने केले एवढेच होते की, डिस्कवरील फाइलींची माहिती आगाऊ वाचताना ज्या अनेक लहान मागण्या सुट्यासुट्या जात, त्या एकत्र करून थोड्या व मोठ्या मागण्या पाठवाव्यात. काम जलद व्हावे असा हा बदल. त्यात चूक अशी कोठेही नव्हती. मग लॉगिनचा पडदा का अडावा? कारणाची साखळी अशी की, पडदा उभा करणाऱ्या प्रक्रियेला काही यादृच्छिक संख्या लागतात आणि त्या ती 2014 साली कर्नेलमध्ये आलेल्या `getrandom` या सेवेकडे मागते. ती सेवा, पुरेशी अनिश्चितता गोळा होईपर्यंत, मागणाऱ्याला ताटकळत ठेवते. ही अनिश्चितता कर्नेल तेव्हा बव्हंशी डिस्क, कीबोर्ड इत्यादींकडून येणाऱ्या संकेतांच्या वेळेतील बारीक अंतरांतून वेचत असे. आणि डिस्ककडे जाणाऱ्या मागण्याच घटल्या तेव्हा तिचे संकेतही घटले. साठा भरावयास पुरे असे काही घडत नव्हते, आणि सारी यंत्रणा पडद्याची वाट पाहत स्तब्ध झाल्यामुळे नवे काही घडण्याचा संभवही उरला नव्हता.

येथे बायसेक्टने नेमके काय सिद्ध केले, हे नीट ओळखले पाहिजे, कारण याच ठिकाणी अनुभवी मंडळीही घसरतात. 'या नोंदीपासून वर्तन बदलले' एवढीच त्याची साक्ष. 'या नोंदीत दोष आहे' असे त्याने कधीच म्हटलेले नसते. दोष पाच वर्षे दुसरीकडेच दबा धरून होता आणि डिस्ककडे जाणाऱ्या सुट्यासुट्या मागण्यांनी तो अभावितपणे झाकून ठेवला होता. टोरव्हाल्ड्स यांनी 5.3 प्रसिद्ध करताना ती नोंद मागे घेतली, पण मूळ बदल चांगलाच असून त्याच्याशी संबंध नसलेल्या अडचणीपायी तो काढावा लागत आहे, हे कारण त्यांनी सोबत स्पष्ट नमूद केले. पुढे 5.4 मध्ये कर्नेलने अनिश्चिततेची वाट न पाहता ती स्वतःच निर्माण करावी अशी तजवीज झाली आणि मागे घेतलेला बदल सन्मानाने परत आला. ज्याच्या नोंदीवर बोट येते त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई या व्यवसायात फार होते, म्हणून एवढा विस्तार केला.

आता या पद्धतीच्या पोटातले गृहीत पाहू. दोष एकदा शिरला की पुढच्या प्रत्येक नोंदीत तो दिसतो आणि आधीच्या एकाही नोंदीत दिसत नाही, हे ते गृहीत; आणि वरचे प्रकरण त्या दृष्टीने मोठे नाजूक होते. ज्या यंत्राला अनिश्चिततेची वाण आहे, त्याच्यापुढे बसलेल्या माणसाने कंटाळून कीबोर्डवर चार कळा दाबल्या, तर त्या कळांचे संकेतच साठा भरून काढण्यास हातभार लावतील, पडदा येऊ शकेल, आणि सदोष नोंदीला निर्दोषत्वाचा दाखला मिळेल. अशा चाचणीत हात मागे ठेवून ठरावीक मिनिटे थांबावे, हा नियम प्रत्येक वेळी तंतोतंत पाळला पाहिजे. जे दोष मुळातच लहरी असतात त्यांचा हिशेब तर आधी कागदावर करावा. समजा, सदोष कर्नेलही तीन वेळांत एकदाच अडतो. तर तीनदा सुरू करून तो तिन्ही वेळा ठीक चालण्याचा संभव शंभरात सुमारे तीस, म्हणजे ती चाचणी जवळजवळ निरुपयोगी. दहा वेळा सुरू केल्यास तो शंभरात दोनांच्याही खाली येतो. 'अडला' हा निर्णय एका प्रसंगावर देता येतो, 'ठीक' हा निर्णय देण्यासाठी मात्र चिकाटी लागते. दोन्ही निर्णयांचे वजन सारखे नाही.

एक चुकीचा निर्णय पुढची सारी चौकशी नासवतो, आणि वाईट हे की गिटला त्याचा सुगावाही लागत नाही. सदोष नोंदीला चुकून 'ठीक' म्हटले की खरा गुन्हेगार मागच्या, सोडून दिलेल्या अर्ध्या भागात राहतो. पुढे तपासल्या जाणाऱ्या सर्व नोंदी त्याच्या नंतरच्या, म्हणून सर्व सदोषच निघतात, आणि चौकशी चुकलेल्या नोंदीला लागून असलेल्या पुढच्या निरपराध नोंदीवर येऊन थांबते. उलट निर्दोष नोंदीला 'वाईट' म्हटले तर पुढची सारी उत्तरे 'ठीक' येतात आणि बोट त्या चुकलेल्या नोंदीवरच स्थिरावते. तेव्हा शेवटची सात-आठ उत्तरे एकाच रंगाची आली, तर ती सुरू होण्याच्या लगतपूर्वी दिलेल्या निर्णयाकडे संशयाने पाहावे. खात्रीचा उपाय याहून सरळ आहे: नुसती ती एक नोंद ताज्या आवृत्तीतून उलटवून पाहावी, आणि दोष नाहीसा झाला तरच निकाल कायम करावा.

नवशिक्याला गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 5.2 आणि 5.3 यांच्या दरम्यानचा शोध चालू असताना बांधलेला कर्नेल मध्येच आपला आवृत्तिक्रमांक 5.1 किंवा 5.2 च्या उमेदवार प्रतीचा सांगतो, आणि आपण भलतीकडेच भरकटलो असे वाटते. तसे झालेले नसते. कर्नेलचा इतिहास सरळ रेषेत चालत नाही. निरनिराळ्या विभागांची माणसे कोणत्या तरी जुन्या टप्प्यापासून आपली शाखा काढून काम करतात आणि ती शाखा पुढे मुख्य प्रवाहात विलीन होते, म्हणून 5.3 साठी लिहिलेली नोंद 5.1 च्या पायावर उभी असू शकते. गिटची 'मधली' नोंद तारखेने मधली नसते: प्रत्येक संशयित नोंदीच्या मागे किती संशयित पूर्वज आहेत हे मोजून, जिच्यामुळे पूर्वज आणि उरलेल्या नोंदी यांची विभागणी निम्म्याच्या सर्वांत जवळ येईल, तिची निवड होते. पूर्वज निर्दोष ठरतात ते याच वंशावळीच्या आधारे.

कधी मधली नोंद बांधताच येत नाही, कारण दुसऱ्याच एखाद्या कच्च्या बदलाने तेथे संकलन मोडलेले असते. अशा वेळी मनाने निर्णय देण्याचा मोह टाळून `git bisect skip` म्हणावे; गिट शेजारची नोंद पुढे करते. अशा अनेक नोंदी गुन्हेगाराच्याच भोवती पडल्या असतील, तर अखेरीस एका नावाऐवजी संशयितांची छोटी यादी हाती येते, आणि तेवढ्यावर समाधान मानावे लागते. चाचणी माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून नसेल तर एक लहानशी स्क्रिप्ट लिहून `git bisect run` ला तीच नेमून देता येते. तिने 0 परत केले तर 'ठीक', 1 परत केले तर 'वाईट' आणि 125 परत केले तर 'वगळा'. बांधणी फसली असता 125 ऐवजी 1 परत करणारी स्क्रिप्ट ही चुकीच्या निकालांची फार मोठी खाण आहे.

चौदा निर्णयांपैकी नववा चुकला असे ध्यानात आले तर सारे पहिल्यापासून करण्याची गरज नसते. गिटने प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवलेली असते. ती फाइलीत उतरवून घ्यावी, नवव्या निर्णयापासून खालचा मजकूर हाताने खोडावा, आणि उरलेले पुन्हा वाचून दाखवावे:

```
git bisect log > nirnay.txt
git bisect reset
git bisect replay nirnay.txt
```

पहिल्या आठ निर्णयांनी आखलेल्या हद्दीत गिट लगेच परत येऊन उभी राहते, आणि नववी चाचणी, या खेपेस यंत्र दहादा सुरू करून, नव्याने घेता येते.