सूट, सर्व्हिस चार्ज आणि कर : उपाहारगृहाच्या बिलाचा ताळा

सूट मिळालेल्या बिलाची अखेरची रक्कम मूळ किमतीहून कमी दिसली, की तेवढ्याने समाधान पावून मधल्या ओळी न वाचताच पैसे चुकते करण्याचा आपला परिपाठ असतो. परंतु सूट कोठे वजा झाली आणि पुढचे टक्के कोणत्या रकमेवर आकारले गेले, याची शहानिशा त्या मधल्या ओळींतच होते. उदाहरणादाखल २,००० रुपयांचे भोजन, त्यावर २० टक्के म्हणजे ४०० रुपयांची सूट, आणि साध्या उपाहारगृहास लागू असलेला ५ टक्के जीएसटी (अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा) असा हिशेब धरून चालू.

गैरसमज : कर नेहमी मेन्यूतील मूळ किमतीवरच लागतो.

वस्तुस्थिती : केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम १५ मधील तरतुदीप्रमाणे, पुरवठ्यापूर्वी किंवा पुरवठ्याच्या वेळी दिलेली आणि त्याच बिलात नोंदलेली सूट करपात्र मूल्यात धरली जात नाही. म्हणून आपल्या उदाहरणात करपात्र रक्कम १,६०० रुपये, कर ८० आणि देय रक्कम १,६८० रुपये. कर १०० रुपये दाखविला असेल, तर तो सुटीपूर्वीच्या रकमेवर आकारला आहे, हे उघड आहे. मात्र सूट उपाहारगृहाने न देता बँकेने आपल्या कार्डावर दिली असेल आणि ती रक्कम बँक उपाहारगृहास भरून देत असेल, तर उपाहारगृहाच्या पदरी पूर्ण २,००० रुपये पडतात. तेथे १०० रुपयांचा करच यथायोग्य होय.

गैरसमज : सूट करानंतर वजा केली, की ग्राहकाचे नुकसान झालेच.

वस्तुस्थिती : सूट टक्केवारीची असून ती करासह सर्व बेरजेवर दिली असेल, तर क्रम बदलल्याने एकूण रक्कम बदलत नाही, २,१०० रुपयांतून २० टक्के वजा केले, तरी १,६८०च उरतात. फरक पडतो तो सूट ठरावीक रुपयांची असते तेव्हा : ४०० रुपयांचे कूपन करापूर्वी वजा झाले तर १,६८०, आणि करानंतर वजा झाले तर १,७०० रुपये द्यावे लागतात. यास्तव कूपन हाती असताना ‘सूट’ ही ओळ कराच्या वर आहे की खाली, हे आधी पाहावे.

गैरसमज : सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर असून तो देणे बंधनकारक आहे.

वस्तुस्थिती : ३० जून २०१७ पर्यंत अमलात असलेल्या सेवाकराशी नामसाधर्म्य असल्यामुळे हा घोटाळा होतो, वस्तुतः सर्व्हिस चार्जची रक्कम उपाहारगृहाकडेच जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा आकार बिलात आपोआप लावण्यास, दुसऱ्या नावाने वसूल करण्यास, तसेच तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावण्यास मनाई केली. आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना ग्राह्य ठरविल्या. स्वखुशीने बक्षिसी देण्यास अर्थातच कोणाची आडकाठी नाही.

तरीही १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेले बिल हाती आले, तर सुटीचे स्थान अधिकच महत्त्वाचे ठरते. सूट केवळ खाद्यपदार्थांवर देऊन सर्व्हिस चार्ज मूळ २,००० वर आकारला, तर तो २०० रुपये होतो; १,६०० मध्ये तो मिळविला की करपात्र रक्कम १,८००, कर ९० आणि एकूण १,८९०. हाच आकार सुटीनंतरच्या १,६०० वर लावला असता, तर तो १६०, कर ८८ आणि एकूण रक्कम १,८४८ रुपये झाली असती. म्हणजे जी किंमत ग्राहकाने दिलीच नाही, तिच्यावरही सेवेचे टक्के लावल्याने ४२ रुपये वाढले.

गैरसमज : सर्व्हिस चार्ज काढावयाचा, म्हणजे तेवढीच ओळ वजा करावयाची.

वस्तुस्थिती : १,८९० मधून २०० वजा केले, तर १,६९० उरतात, पण त्या २०० वर लागलेला १० रुपयांचा कर बिलात तसाच राहतो. म्हणून शेवटच्या रकमेतून वजावट न करता बिल नव्याने काढून मागावे. ते १,६८० चेच आले पाहिजे.

पडताळणीची रीत यावरून निश्चित होते : पदार्थांची बेरीज करावी, सूट वजा करावी, उरलेल्या रकमेचे अडीच टक्के काढून ते केंद्र व राज्य यांच्या कराच्या दोन्ही ओळींशी ताडून पाहावेत. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा कर वेगळा असतो, तेव्हा त्याची रक्कम या बेरजेत मिसळू नये. कराची प्रत्येक ओळ ४० रुपयांऐवजी ४५ रुपयांची निघाली, तर करपात्र रकमेत २०० रुपये अधिक धरले गेले आहेत, असे समजावे. आणि व्यवस्थापकाने दुरुस्ती नाकारल्यास बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार गुदरावी.