टॅक्सी एक, उतरणारे तीन

मुंबई विमानतळावरून तिघे एकाच टॅक्सीने पुण्याला निघाले. पहिला लोणावळ्याला उतरणार, दुसरा वाकडला, तिसरी स्वारगेटला. एकट्याने गेल्यास भाडं अनुक्रमे १८००, २७०० आणि ३००० रुपये पडलं असतं असं धरू. सरळ तीन भाग केले तर प्रत्येकी हजार. म्हणजे लोणावळेकर इतरांच्या घाटापलीकडच्या प्रवासाचेही पैसे भरतो.

त्यापेक्षा रस्त्याचे तुकडे पाडावेत आणि त्या तुकड्यात गाडीत असलेल्यांनीच तो खर्च वाटून घ्यावा. लोणावळ्यापर्यंतचे १८०० तिघांत, म्हणजे सहाशे-सहाशे. पुढचे ९०० दोघांत. शेवटचे ३०० एकटीचे. हिशेब होतो ६००, १०५० आणि १३५०. टोलही ज्या तुकड्यात लागला, त्याच तुकड्यात धरायचा. गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या वाटणीच्या सूत्रानेही हेच आकडे येतात.

खरी कुरबुर वळशावरून होते. द्रुतगती मार्ग सोडून लोणावळ्यात शिरायला दीडशे रुपये जास्त लागले, तर ते त्यानेच द्यावेत. ७५० देऊनही त्याचे हजारावर रुपये वाचतात. वाट पाहण्याचे पैसे मात्र ज्याची बॅग उशिरा आली त्याच्याकडून मागावेत का? मी तरी मागणार नाही.