फोटोतल्या तक्त्यासोबत चार ओळी

बाजार समितीच्या भावफलकाचा फोटो एआयला देऊन नुसतं ‘यातली माहिती काढ’ म्हटलं, की आकडे येतात, पण जागा चुकतात. फलकावर ‘कांदा’ एकदाच, तीन ओळींना मिळून लिहिलेला असतो. पुढे लाल, उन्हाळ, पांढरा. नाव पहिल्याच ओळीला चिकटतं, उरलेल्या दोन निनावी राहतात. रिकामी चौकट दिसली की शेजारचा आकडा तिथे सरकतो, आणि कमाल भाव किमानात जाऊन बसतो. हे जास्त घातक, कारण तक्ता दिसायला नीटच असतो.

म्हणून फोटोसोबत मांडणी लिहून द्यावी: ‘शेतमालाचं नाव खालच्या ओळींनाही लागू, प्रत्येक ओळीत लिही. आवक क्विंटलमध्ये, भाव प्रति क्विंटल. रिकामी चौकट रिकामीच ठेव. न वाचता आलेल्या आकड्याजागी ? लिही. उत्तर फक्त सीएसव्हीत, आकड्यांत स्वल्पविराम नको.’ खाली शीर्षओळ आणि नमुन्याची एक ओळ:

```
शेतमाल,वाण,आवक,किमान,कमाल,सर्वसाधारण
कांदा,लाल,850,900,2100,1600
```

नमुन्यातले आकडे काल्पनिक आहेत, हेही सांगावं. नाहीतर तेच उत्तरात उतरू शकतात. मग एक्सेलमध्ये पाहावं: सर्वसाधारण भाव किमान आणि कमाल यांच्या मध्येच हवा. नसेल, तर ती ओळ फोटोशी ताडावी. धूसर फोटोत १ आणि ९ची गल्लत मात्र सूचनांनी टळत नाही. फोटोच पुन्हा, जवळून काढावा लागतो.