म्हशींचं दूध, दुसऱ्या शेडमधली रात्रपाळी आणि गोलिकरी

नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांचा विषय आज घेणार होतो. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण हातकणंगल्याहून आलेलं एक पत्र. हे वाचक शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी चालवतात. घरी चार म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं. नेमणूकपत्रात मात्र ‘अन्य कोणताही व्यवसाय वा नोकरी करणार नाही’ असं कलम आहे आणि त्याखाली त्यांची सही. ते विचारतात, दूध घालणं बंद करू का?

असं कलम न्यायालयात टिकतं का, याचं उत्तर कल्याणच्या एका खटल्यात आहे. सेंच्युरी कंपनीच्या टायरकॉर्ड कारखान्यात निरंजन शंकर गोलिकरी शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा, १५ मार्च १९६३ पासून. पूर्ण वेळ कंपनीलाच द्यायचा, दुसरा कोणताही धंदा किंवा नोकरी करायची नाही, असं त्यात होतं. मुदत संपण्याआधीच ते कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मनाई कायम ठेवली. नोकरीच्या मुदतीतलं असं बंधन सहसा गैर ठरत नाही. पण ही मनाई किती आखीव होती, ते पाहा: तशाच प्रकारच्या कामापुरती, आणि १५ मार्च १९६८ पर्यंतच. त्यांची रोजीरोटी न्यायालयाने तोडली नाही.

म्हणून कलम वाचताना मी पाहतो ते मालकाचं नेमकं काय बिघडतं. केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांतही बंदी आहे ती मालकाच्या हिताला बाध येईल अशा जोडकामावर. पाळीबाहेर काढलेल्या धारेने मशीन शॉपचं काही बिघडत नाही. तरीही कलमाचे शब्द सरसकट आहेत, म्हणून एक अर्ज द्या: काम कोणतं, वेळ कोणती. पोच घ्या. तेच कंपनीचं ड्रॉइंग घरी नेऊन तिच्याच गिऱ्हाइकाचं जॉबवर्क केलंत, तर मात्र हितसंबंधाचा उघड प्रश्न येतो.

पत्रात शेवटी मित्राची गोष्ट आहे. तो दुपारी साडेतीनला सुटतो आणि रात्री दहाला दुसऱ्या शेडमध्ये उभा राहतो. इथे मालकाने परवानगी दिली तरी भागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६० एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करू देत नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत दोन कारखान्यांतल्या कामांमध्ये बारा तासांचं अंतर लागतं. मित्राचं अंतर साडेसहा तासांचं आहे. शिवाय ही मनाई दुसऱ्या शेडच्या मालकावरही आहे, कारण कायदा ‘काम करू देऊ नये’ असं म्हणतो. त्यामुळे असे मालक अनेकदा हजेरीत नाव घालत नाहीत, रोख देतात. रात्री बोट चेपलं, तर तिथे कामाला होतो हे सिद्ध करायला मित्राकडे कागद कोणता?

१५ मार्च १९६८ नंतर गोलिकरींना कुणी अडवू शकलं असतं का, तिथून पुढच्या वेळी सुरू करू.