नळांतील प्रवाह : कोणतें सूत्र केव्हां?

परीक्षा जवळ आली म्हणजे स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी नळांतील प्रवाहाचीं सर्व सूत्रें एका कागदावर उतरून घेतो. सूत्रें त्याला पाठ येतात. अडतें तें इतकेंच कीं, समोरच्या उदाहरणाला त्यांतलें कोणतें लावावें. आज तेवढाच प्रश्न घेऊं, आणि तोही एकाच नळाच्या आधारें.

नळ बिडाचा, नवा, ३०० मिलिमीटर व्यासाचा व १००० मीटर लांब आहे असें धरा. त्यांतून पाणी सेकंदाला १ मीटर वेगानें, नळ पूर्ण भरून, वाहत आहे. घर्षणापायीं पाण्याची किती उंची खर्ची पडते, म्हणजेच टांकी त्यासाठीं किती वर चढवावी लागेल, हें काढावयाचें आहे.

कोणतेंही सूत्र उचलण्यापूर्वीं रेनॉल्ड्सचा अंक काढावा. वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला द्रवाच्या घनतासापेक्ष चिकटपणानें भागलें कीं तो मिळतो. २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यासाठीं आपल्या नळांत तो सुमारें ३,००,००० येतो. अंक २००० च्या आंत असला तर प्रवाह संथ, थरांथरांनीं सरकणारा. ४००० च्या वर गेला तर क्षुब्ध. मधल्या पट्ट्यांत प्रवाह कोणत्या बाजूला झुकेल याचा नेम नसतो. तेथें हिशेब टाळणेंच बरें.

हागेन व पॉयझील यांचें सूत्र केवळ संथ प्रवाहाचें आहे. पॉयझील हा पॅरिसचा वैद्य. रक्ताचा प्रवाह मनांत ठेवून त्यानें बारीक कांचनळ्यांवर प्रयोग केले. या सूत्रांत नळाचा खडबडीतपणा विचारावा लागत नाहीं, म्हणून विद्यार्थ्याला तें मोहांत पाडतें. आपल्या नळाला तें लावलें तर घट अवघी साडेतीन सेंटिमीटर निघते. खरी घट सुमारें ३.४ मीटर आहे! अशा हिशेबावर टांकी बांधली तर गांवाला ठरलेलें पाणी मिळणार नाहीं.

खरा आंकडा देणारें सूत्र डार्सी व वाइसबाख यांचें:

h = f L V² / (2 g D)

प्रवाह संथ असो वा क्षुब्ध, द्रव पाणी असो वा तेल, भरलेल्या नळाला हें चालतें. बदलतो तो f, म्हणजे घर्षणांक. संथ प्रवाहांत तो 64/Re असतो. येथें Re म्हणजे रेनॉल्ड्सचा अंक. गुळगुळीत नळांत, अंक सुमारें एक लाखापर्यंत असतां, ब्लासियसचें सूत्र पुरतें. आपला नळ खडबडीत आणि अंक तीन लाख. म्हणून कोलब्रुकचें १९३९ चें सूत्र, अथवा त्याचें सोपें रूप असलेलें स्वामी व जैन यांचें १९७६ चें सूत्र घ्यावें. बिडाचा खडबडीतपणा ०.२६ मिलिमीटर धरला असतां घर्षणांक ०.०२०२ येतो व घट ३.४३ मीटर.

येथें एक खांचखळगा आहे. कांहीं पाठ्यपुस्तकांत याच सूत्राच्या डोक्यावर 4 चा आंकडा असतो. त्यांचा घर्षणांक आपल्या घर्षणांकाच्या चौथाई असतो. संथ प्रवाहासाठीं पुस्तकांत 16/Re दिसलें कीं समजावें, हा दुसरा घर्षणांक आहे. एकाचा अंक व दुसऱ्याचें सूत्र अशी सरमिसळ झाली कीं उत्तर चौपट चुकतें.

पाणीपुरवठ्याच्या कचेऱ्यांत हेझन व विल्यम्स यांचें सूत्र आवडीचें आहे, आणि तें रास्तच. त्यांतील गुणांक C नव्या बिडासाठीं १३० घेतला तर आपल्या नळाची घट ३.३८ मीटर येते. मेळ उत्तम! नळ जुना होऊन गंजला व C १०० वर उतरला, कीं तीच घट साडेपांच मीटर होते. परंतु या सूत्रांत चिकटपणाला जागाच नाहीं. याच नळांतून याच वेगानें पाण्याच्या ४०० पट चिकट तेल सोडलें तर अंक ७५० वर येतो, प्रवाह संथ होतो आणि खरी घट साडेचौदा मीटर होते. हेझन-विल्यम्स मात्र तेव्हांही ३.३८ च सांगत राहील. म्हणून तें नेहमीच्या तपमानाच्या पाण्यापुरतें, आणि बेताच्या वेगानें वाहणाऱ्या मोठ्या नळांपुरतेंच राखावें.

राहिलें मॅनिंगचें सूत्र. गटाराचा नळ अर्धाच भरून उतारानें वाहत असतो. पाण्याचा पृष्ठभाग हवेला उघडा असतो. असा नळ दिसला कीं तो कालवाच मानावा आणि मॅनिंग लावावें. मात्र तेथें व्यास न घालतां जलीय त्रिज्या घालावयाची, म्हणजे पाण्याच्या छेदाच्या क्षेत्रफळास भिजलेल्या परिघानें भागून येणारी लांबी. अर्ध्या भरलेल्या गोल नळांत ती व्यासाच्या बरोबर चौथाई असते.