प्रोव्हिजनल, पदवी आणि मायग्रेशन

पुणे विद्यापीठातून बी.कॉम. झालेला विद्यार्थी मुंबई विद्यापीठात एम.कॉम.ला गेला, की या कागदांतला फरक कळतो. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतरच मिळते. तोवर उत्तीर्ण झाल्याचा पुरावा म्हणून तात्पुरते, म्हणजे प्रोव्हिजनल प्रमाणपत्र चालते. मायग्रेशन हा मात्र शिक्षणाचा पुरावा नव्हेच. दुसरीकडे शिकायला आधीच्या विद्यापीठाची हरकत नाही, एवढेच ते सांगते. म्हणून विद्यापीठ बदलले तरच ते मागतात आणि मूळ प्रत जमा करून घेतात. कॉलेजचा टीसी त्याऐवजी चालत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. मूळ पदवी मात्र पडताळून परत द्यायची असते. नोकरीतल्या कागदपत्र तपासणीला आणि परदेशी जाताना अपोस्टिलसाठी सहसा तीच मागतात.