पाऊस दरवर्षीच येतो: तंजावरच्या चित्रविक्रेत्याचा माफीचा व्हिडिओ

तंजावरला मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत पडत नाही. तिथे तो ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर साधारण 20 ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. नेमक्या याच दिवसांत दिवाळी येते, लग्नसराई तोंडावर असते, नव्या घरांच्या वास्तुशांती ठरलेल्या असतात. मुंबई-पुण्याहून तंजावर चित्र मागवणाऱ्याला ते याच दिवसांत घरी हवं असतं. मग चित्र वेळेवर पोहोचत नाही, फोन सुरू होतात, आणि घरच्या घरी चित्रं करून ऑनलाइन विकणारा कारागीर मोबाइल समोर धरून माफीचा व्हिडिओ करायला बसतो. त्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं असतं: ‘पावसामुळे उशीर झाला, आमचा नाइलाज होता.’

पहिला गैरसमज इथेच आहे. पावसाचं कारण दिलं की दोष आपल्यावर राहत नाही, असं विक्रेत्याला वाटतं.

कारण खोटं नसतं. तंजावर चित्राचं काम ओलाव्याशी बांधलेलं आहे. प्लायवुडच्या फळीवर सुती कापड चिकटवतात, त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे थर देऊन ते घासून गुळगुळीत करतात. रेखाटन झालं की दागिने, प्रभावळ, खांब, कमानी हा सगळा उठावाचा भाग त्याच जातीच्या लगद्यानं भरतात, काचेचे खडे बसवतात, वर सोन्याचा वर्ख लावतात आणि शेवटी रंग भरतात. प्रत्येक टप्प्यावर खालचा थर पूर्ण वाळलेला लागतो. दमट हवेत उठाव वरून कोरडा दिसतो, पण आत ओला असतो. अशा उठावावर घाईनं वर्ख चढवला तर तो पुढे सुटतो किंवा उठावालाच बारीक तडे जातात. ओल राहिलेलं चित्र काचेच्या चौकटीत बंद केलं तर आत बुरशी धरण्याची भीती असते. उठाव वाळला की नाही हे पाहायचा साधा उपाय म्हणजे बोटांची मागची बाजू त्यावर टेकवणं. आत ओल असेल तर तो भाग आजूबाजूच्या कोरड्या पृष्ठभागापेक्षा गार लागतो.

म्हणजे पावसानं काम लांबतं हे खरं. पण हा पाऊस दरवर्षी येतो, आणि सरफोजी राजांच्या काळापासून ज्या गावात ही कला वाढली, तिथल्या कारागिराला तो ठाऊक असतो. सप्टेंबरात कोरड्या हवेच्या हिशेबानं दिवाळीची तारीख देणं हा विक्रेत्याचा निर्णय होता. 16 नोव्हेंबर 2018च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं, तंजावर जिल्ह्यात नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. त्या आठवड्यात अडकलेलं पार्सल आणि दरवर्षीच्या सरींनी लांबलेलं चित्र यांत फरक करायलाच हवा.

कायदाही हा फरक करतो. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै 2020मध्ये लागू झाले. कबूल केलेल्या मुदतीनंतर माल आला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं त्यांत म्हटलं आहे. सूट आहे ती आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेल्या उशिराला. गज वादळ त्यात बसेल. ऑक्टोबरातला नेहमीचा पाऊस त्यात बसवणं अवघड आहे. तेव्हा ‘ऑर्डर रद्द होणार नाही’ असं काही व्हिडिओंत ठणकावून सांगतात ते नुसतं उर्मट नाही, ते नियमाविरुद्धही जातं.

दुसरा समज असा की माफी जितकी काकुळतीची, तितकी ती मनाला भिडते. मागे हळवं संगीत, पुन्हा पुन्हा ‘माफ करा’, घरच्यांची ओढाताण. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016मध्ये माफीचे सहा घटक वेगळे करून 755 लोकांना ते पारखायला दिले. सगळ्यांत वजनदार ठरली चुकीची जबाबदारी स्वतःवर घेणं. त्याच्या पाठोपाठ नुकसान भरून देण्याची तयारी. क्षमेची याचना सगळ्यांत शेवटी होती. तंजावरच्या विक्रेत्यासाठी याचा अर्थ असा की व्हिडिओच्या पहिल्या पंधरा सेकंदांत ‘तारीख आम्ही चुकीची दिली’ हे वाक्य आलं पाहिजे, आणि उरलेला वेळ कोणाचं चित्र कुठल्या अवस्थेत आहे यावर गेला पाहिजे. ग्राहकाच्या मनातला प्रश्न एवढाच असतो: माझे पैसे घेऊन हा माणूस गायब तर झाला नाही ना? त्याला उत्तर मिळतं ते त्याची स्वतःची फळी डोळ्यांनी पाहिल्यावर.

एक उदाहरण आकड्यांसकट मांडतो. समजा, एका घरगुती विक्रेतीकडे 14 चित्रांच्या ऑर्डरी आहेत. प्रत्येक चित्र 12,000 रुपयांचं, निम्मी रक्कम आगाऊ घेतलेली. सगळी 25 ऑक्टोबरपर्यंत पोहोचवायचं ठरलं होतं. 28 तारखेला स्थिती अशी: पाच चित्रं चौकटीसह तयार, सहांवर वर्ख लागलाय पण रंग बाकी, आणि तीन चित्रांच्या उठावाला तडे गेल्यामुळे ती पहिल्यापासून करावी लागणार. मराठी ग्राहकांसाठी तिनं असं बोलावं:

‘नमस्कार. मी तंजावरहून बोलतेय. आमच्याकडे मागवलेली 14 चित्रं 25 ऑक्टोबरपर्यंत तुमच्या घरी यायला हवी होती. ती आली नाहीत. तारीख देताना मी पावसाचे दिवस हिशेबात धरले नाहीत, ही चूक माझी आहे. 25 तारखेच्या आधी तुम्हाला कळवायला हवं होतं, तेही मी केलं नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागते.

‘ही पाच चित्रं तयार आहेत. 1 नोव्हेंबरला ती कुरिअरकडे देते. या सहांवर वर्ख लागलाय, रंगकाम बाकी आहे. ती 20 नोव्हेंबरपर्यंत निघतील. आणि हे बघा, इथे तडे गेलेत. अशी तीन चित्रं आहेत. ती डागडुजी करून मी पाठवणार नाही. नव्यानं करते, 20 डिसेंबरपर्यंत निघतील. या तीन ग्राहकांशी मी फोनवर बोलले आहे.

‘ज्यांना थांबायचं नाही, त्यांनी नुसतं “रद्द” एवढं लिहून पाठवा. कारण विचारणार नाही. पूर्ण आगाऊ रक्कम सात दिवसांत परत करेन. जे थांबतील त्यांच्याकडून पाठवणीचा खर्च घेणार नाही. दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाला त्याच्या चित्राचा फोटो येईल, काम पुढे गेलेलं नसलं तरी येईल.’

हे सावकाश बोललं तरी दीड मिनिटाच्या आसपास संपतं. तडे दाखवताना मोबाइल फळीच्या अगदी जवळ न्यावा आणि उजेड बाजूनं पडू द्यावा, म्हणजे बारीक भेगही दिसते. बिघडलेला माल दाखवला तर नाव खराब होईल, ही भीती मला पटत नाही. तडे गेलेलं चित्र ही बाई पाठवत नाही, हे ग्राहकाला दुसऱ्या कुठल्या मार्गानं कळणार?

व्हिडिओतल्या तारखाही जपून द्यायच्या आहेत. रागावलेल्या माणसाला जवळची तारीख दिली की तो शांत होतो, हा समज सगळ्यांत महागात पडतो. उबर या टॅक्सी कंपनीच्या सुमारे 15 लाख प्रवाशांवर अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. उशीर झालेल्या प्रवाशांना वेगवेगळ्या तऱ्हेनं माफीचे निरोप पाठवले गेले. नुसत्या शब्दांच्या माफीचा फारसा उपयोग झाला नाही, माफीबरोबर पाच डॉलरचं कूपन दिल्यावर झाला. आणि ज्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा उशीर आला, त्यांच्या बाबतीत माफी उलटलीसुद्धा, कारण माफी ही पुढच्या वेळी असं होणार नाही याची एक हमी असते. म्हणून सहा चित्रं 12 नोव्हेंबरला होतील असं वाटत असलं, तरी 20 तारीख सांगावी. चित्र लवकर गेलं तर कोणी भांडत नाही. दुसरी तारीख हुकली की तिसरा व्हिडिओ कोणी शेवटपर्यंत पाहत नाही.

याच प्रयोगावरून काही जण कूपनाचा धडा घेतात आणि ‘पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट’ जाहीर करतात. टॅक्सी माणूस उद्या पुन्हा बोलावतो. तंजावर चित्र मात्र घरात बहुधा एकदाच येतं, देवघराच्या नाहीतर दिवाणखान्याच्या भिंतीसाठी. पुढच्या खरेदीची सूट ग्राहकाच्या कामाची नाही, उलट ‘आधीचं आलं नाही आणि हे पुढचं विकतायत’ असं वाटतं. भरपाई याच ऑर्डरीवर हवी. पाठवणीचा खर्च सोडणं त्यासाठी योग्य आहे, कारण काच लावलेली जड चौकट खोक्यात नीट भरून पाठवायला बराच खर्च येतो आणि ग्राहकालाही तो ठाऊक असतो.

पैसे परत द्यायची तयारी दाखवली तर सगळेच रद्द करतील, ही धास्ती मात्र समजून घ्यायला हवी, कारण आगाऊ रक्कम वर्ख आणि साहित्यात केव्हाच गेलेली असते. वरच्या उदाहरणात 14 जणांचे प्रत्येकी 6,000, म्हणजे सगळे मिळून 84,000 रुपये होतात. सगळे रद्द करतीलच असं नाही. ज्याची वास्तुशांत होऊन गेली तो कदाचित करेल, हवी ती मूर्ती ठरवून घेतलेला बहुधा थांबेल. पाच जणांनी रद्द केलं तर 30,000 लागतील. तेवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय ‘सात दिवसांत’ हे शब्द कॅमेऱ्यासमोर उच्चारू नयेत. नसेल तर ‘तीस दिवसांत’ म्हणावं आणि ते पाळावं. रद्द झालेलं लोण्याच्या मडक्यापाशी बसलेल्या बाळकृष्णाचं चित्र दुसऱ्या कोणाला विकता येतं. एखाद्याच्या कुलदैवताचं, त्याच्याच मापाचं चित्र विकणं कठीण, आणि तोटा खरा होतो तो तिथे. अशा ऑर्डरींचा हिशेब आधीच वेगळा काढून ठेवावा.

तीन चित्रं बिघडलेल्या ग्राहकांना आधी फोन करण्याचं कारणही सांगायला हवं. एक व्हिडिओ टाकला की सगळ्यांचं काम भागलं, असं समजतात. पण ज्याला आणखी दोन महिने थांबायचंय त्याला ही बातमी इतर तेरा जणांबरोबर कळली, तर त्या व्हिडिओतलं पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. त्याच्याशी आधी बोलावं, दुसरं तयार चित्र हवं का विचारावं, आणि मगच कॅमेरा सुरू करावा.

व्हिडिओ नंतर काढून टाकू नये. 1 नोव्हेंबरला पाच खोकी गेली की त्याच्याखाली तसं लिहावं, 20 तारखेला सहांचं लिहावं, डिसेंबरात उरलेल्या तिन्हींचं. आणि विक्रीच्या पानावरची मुदतही व्हिडिओ टाकला त्याच दिवशी बदलावी: फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये आलेल्या ऑर्डरींना एक, आणि सप्टेंबर ते जानेवारीतल्या ऑर्डरींना तिच्या दुप्पट.